उसाचा खोडकिडा आणि पहिला निकाल: एका छोट्या शोधयंत्राच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२५

आजपासून नोंदी ठेवतोय. काम असं: ऊसशेतीवरच्या मराठी मजकुरात शोध घेणारं छोटं यंत्र. संग्रहात साधारण चार हजार पानं आहेत. शेतीविषयक मासिकांतले लेख, माहितीपत्रकं, शेतकऱ्यांनी लिहिलेले अनुभव, आणि औषधं-खतं विकणाऱ्यांची जाहिरातवजा पानं. विक्रेत्यांची पानं काढून टाकावीत असं भाचीचं म्हणणं होतं. ती बी.एस्सी. ॲग्री करते आणि मला मजकूर तपासायला मदत करते. मी ती पानं मुद्दाम ठेवली. ती नसतील तर क्रम लावण्यातली खरी अडचण दिसणारच नाही.

पायाचं काम सगळ्या शोधयंत्रांत सारखंच असतं. पानं आधी वाचून ठेवायची आणि प्रत्येक शब्दासमोर तो कुठल्या पानांत येतो त्याची यादी करायची. प्रश्न आला की यंत्र चार हजार पानं उघडत नाही, फक्त त्या शब्दांच्या याद्या काढतं. म्हणजे टप्पे दोन: आधी उमेदवार गोळा करायचे, मग त्यांचा क्रम लावायचा. ज्याचं नाव यादीतच नाही, ते पान कितीही चांगलं असलं तरी दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचत नाही.

चाचणीसाठी एकच प्रश्न घट्ट धरायचं ठरवलं: `ऊस खोडकिडा`. तात्या निवृत्त कृषी सहायक. कुठलं पान सर्वांत उपयोगाचं, हे मी त्यांना यंत्र चालवण्याआधीच विचारून ठेवलं. त्यांनी दीडशे शब्दांचं एक माहितीपत्रक निवडलं. लागणीनंतर पहिल्या तीन-चार महिन्यांत अळी फुटव्याच्या बुडाशी शिरते, मधला पोंगा वाळतो, ओढला की अलगद हातात येतो आणि घाण वास मारतो. हीच पोंगेमर. पुढे उपाय: असे फुटवे जमिनीलगत कापून नष्ट करा, बाळबांधणी वेळेवर करा, पाचटाचं आच्छादन ठेवा, ट्रायकोकार्ड लावा. "यात कमी काही नाही आणि जास्तही काही नाही," तात्या म्हणाले.

६ जून

शब्द तोडण्याची पायरी. पायथॉनमध्ये `\w+` लिहून मोकळं व्हायचं हा सगळ्यांचा रिवाज. मराठीवर चालवलं की असं होतं:

```python
>>> re.findall(r'\w+', 'खोडकिडा')
['ख', 'डक', 'ड']
```

`re` मात्रेला अक्षर मानत नाही, त्यामुळे प्रत्येक काना-वेलांटीवर शब्द तुटतो. अशी सूची वरवर चालते आणि निकालही देते, म्हणूनच ती धोक्याची. ओळखायची खूण सोपी आहे: सूचीतले सर्वाधिक वेळा आलेले शब्द छापून पाहायचे. "आहे", "आणि" यांच्याऐवजी एकेरी अक्षरं दिसली की समजायचं. देवनागरीची अक्षरं आणि मात्रा स्वतःच नेमून दिल्या, पूर्णविरामाचा दंड वगळला, काम झालं.

काही जुनी पानं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. ती रूपांतर करेपर्यंत बाजूला ठेवली.

९ जून

पहिला शोध. तात्यांचं माहितीपत्रक पहिल्या दहात नाही. विसातही नाही. ते निकालातच नाही.

उघडून पाहिलं. त्या पत्रकात "ऊस" हा शब्द एकदाही नाही. "उसाला", "उसाच्या", "उसात" आहे. "खोडकिडा" नाही, "खोडकिड्याचा", "खोडकिड्यामुळे" आहे. म्हणजे व्याकरणशुद्ध, नीट वाक्यांत लिहिलेलं मराठी. पहिल्या क्रमांकावर जे पान आलं ते एका विक्रेत्याचं. त्यात वाक्यं जवळजवळ नाहीतच: "ऊस खोडकिडा औषध, ऊस खोडकिडा फवारणी, ऊस खोडकिडा दर" अशी माळ लावलेली.

मला वाटतं मराठी शोधातली ही सर्वांत मोठी गोम आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. शोधणारा माणूस प्रत्यय लावत नाही, सुटे शब्द टाकतो. चांगलं लिहिणारा माणूस प्रत्ययाशिवाय लिहूच शकत नाही. त्यातून मराठीत नुसता प्रत्यय चिकटत नाही, आधी शब्दच बदलतो: ऊस–उसाला, विहीर–विहिरीत, खोडकीड–खोडकिडीचा. अक्षराला अक्षर जुळवणारं यंत्र त्यामुळे आपोआप वाईट लिहिलेल्या पानाच्या बाजूने झुकतं. यात कुणाची लबाडी असायलाच हवी असंही नाही.

१२ जून

प्रत्येक शब्दाची एक "किल्ली" काढायची आणि सूची किल्ल्यांवर बांधायची. किल्ली म्हणजे शुद्ध मूळ शब्द नव्हे. एकाच शब्दाची सगळी रूपं एकाच ठिकाणी पडली की पुरे.

```python
import re, unicodedata

ANTYA = re.compile('(च्या|साठी|मुळे|वर|चा|ची|चे|ला|ना|नी|ने|त)$')
BADAL = str.maketrans('\u0940\u0942ईऊ\u0931', '\u093f\u0941इउर')

def killi(s):
    s = unicodedata.normalize('NFC', s).replace('\u200d', '')
    t = ANTYA.sub('', s)
    if len(t) > 2:
        s = t
    s = s.translate(BADAL)
    return re.sub('(्यां|्या|ां|ा|ि|े)$', '', s)
```

आधी प्रत्यय काढला, मग दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व केले, शेवटी उरलेला स्वर किंवा "्या" उडवला. "ऊस" आणि "उसाला" दोन्ही "उस" होतात. "खोडकिडा", "खोडकिड्याचा", "खोडकीड", "खोडकिडीमुळे" सगळे "खोडकिड". लांबीची अट नसती तर "शेत" मधला "त" प्रत्यय समजून उडाला असता.

`\u200d` आणि `\u0931` का, तर "शेतकऱ्यांना" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. कुणी ऱ हे वेगळं अक्षर वापरतो, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द.

किल्लीची किंमत संध्याकाळपर्यंत कळली. `मळी` शोधलं, म्हणजे साखर कारखान्यातून निघणारी, खत म्हणून वापरतात ती. वर आले मळ्यात कोंबड्या पाळण्याचे अनुभव. मळी आणि मळा दोघांची किल्ली "मळ". मूळ रूप हुबेहूब जुळलं तर थोडे जास्त गुण द्यावेत हा सरळ उपाय आहे, पण ते जास्तीचे गुण पुन्हा त्या माळ लावणाऱ्या विक्रेत्यालाच जातात. सध्या मळी-मळा असे जोडे हाताने वेगळे करायची छोटी यादी ठेवली आहे. सुबक नाही, पण चालतं.

१६ जून

आता क्रम. सुरुवात बीएम२५ या सूत्राने. लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी ओकापी नावाच्या प्रणालीत १९९४ च्या सुमाराला ते आकाराला आणलं, आणि आजही बरीचशी शोधयंत्रं तिथूनच सुरुवात करतात. त्यात तीन कल्पना आहेत. दुर्मीळ शब्द जुळला तर वजन जास्त. ही कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली होती. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर गुण वाढतात, पण दर वेळी कमी-कमी. आणि लांबलचक पानात शब्द जास्त वेळा येणारच, म्हणून लांबीची वजावट.

आमच्या चार हजार पानांत "उस" ही किल्ली सोळाशे पानांत आहे, "खोडकिड" चाळीस पानांत. सूत्रानुसार पहिल्याचं वजन सुमारे ०.९२, दुसऱ्याचं ४.५९. पान सरासरी सहाशे शब्दांचं. नेहमीचे स्थिरांक १.२ आणि ०.७५ घेतले, तर सहाशे शब्दांच्या पानात एखादा शब्द एकदा आला की गुणक १.००, तीनदा आला की १.५७, दहादा १.९६, तीसदा २.१२. वरची मर्यादा २.२, हजार वेळा लिहिलं तरी ती ओलांडता येत नाही.

तात्यांचं पत्रक: दीडशे शब्द, "खोडकिड" चारदा, "उस" तीनदा. लांबी कमी म्हणून गुणक चांगले मिळतात, १.९४ आणि १.८७. एकूण १०.६५. विक्रेत्याचं पान: सहाशे शब्द, दोन्ही शब्द तीस-तीसदा. एकूण ११.६५.

निकालात नसलेलं पान दुसऱ्या क्रमांकाच्या आसपास आलं, हे किल्लीचं काम. पण विक्रेता अजूनही एका गुणाने वर. त्याने तीसऐवजी दहा वेळा लिहिलं असतं तरी त्याला १०.८२ मिळाले असते आणि तो वरच राहिला असता. म्हणजे सूत्राने माळ लावण्याचा फायदा जवळजवळ मारून टाकला आहे, तरीही पुरत नाही. स्थिरांक हलवून पत्रक वर आणता येईल. या एका प्रश्नापुरतं जमेल, दुसऱ्या प्रश्नात दुसरं कुणीतरी खाली जाईल. खरी अडचण स्थिरांकाची नाही. दोन्ही पानं खोडकिड्याविषयी आहेत हे सूत्राने बरोबर ओळखलं. त्यातलं कुठलं खरं सांगतं आणि कुठलं बाटली विकतं, हे शब्द मोजून कळण्यासारखं नाही.

२० जून

शब्दांबाहेरचा पुरावा म्हणजे दुवे. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली पेजरँक: कुणी एखाद्या पानाला दुवा देतो म्हणजे त्याच्या बाजूने मत देतो, ज्याला स्वतःला जास्त मतं, त्याच्या मताचं वजन जास्त, आणि तो जितक्या जणांना दुवे देईल तितक्यांत ते वजन वाटलं जातं. त्यांच्या मूळ लेखातल्या रूपात प्रत्येक पानाला आधी ०.१५ मिळतात आणि बाकीचं ०.८५ पट दुव्यांतून येतं.

कागदावर मांडून पाहिलं. पत्रकाला एकच दुवा आहे, एका संस्थेच्या यादीतून. त्या यादीची रँक ४ धरली आणि यादीत चाळीस दुवे. पत्रकाला मिळणार ०.८५ × ४ ÷ ४० = ०.०८५. जन्मजात ०.१५ धरून ०.२३५.

विक्रेत्याने वीस रिकामी पानं उघडली आहेत. प्रत्येकाचा दुवा मुख्य पानाकडे, मुख्य पानाचे दुवे त्या वीस पानांकडे. बाहेरच्या एकाही माणसाने त्याला दुवा दिलेला नाही. समीकरण सोडवलं की मुख्य पानाची रँक येते:

```
S = 0.15 + 0.85 * 20 * x
x = 0.15 + 0.85 * S / 20
S = 2.70 / 0.2775 = 9.73
```

९.७३ विरुद्ध ०.२३५. चाळीस पटीहून जास्त, आणि पाठीशी एकही खरं मत नाही.

हे गुण आले कुठून, हे भाचीने विचारलं. "मामा, बाहेरून काहीच आलं नाही तर ते नऊ निघाले कुठून?" नेमका प्रश्न. बेरीज करून पाहा: एकवीस पानांची एकूण रँक बरोबर २१ येते. पान जन्माला आलं की ०.१५ मिळतात, आणि वर्तुळात दुवे फिरवले की ते बाहेर गळत नाहीत, जवळजवळ निम्मे एकट्या मुख्य पानाकडे साचतात. पान उघडायला खर्च नाही, म्हणून जन्माचे गुण हाच चारा. वीसची दोनशे पानं केली तर मुख्य पानाची रँक ९२ च्या पुढे जाते.

२३ जून

यावरचा उपाय २००४ मध्ये ग्योंग्यी, गार्सिया-मोलिना आणि पेडरसन यांनी ट्रस्टरँक या नावाने मांडला. सूत्र तेच, फक्त जन्माचे गुण सगळ्यांना द्यायचे नाहीत. माणसांनी तपासलेल्या मोजक्या विश्वासू पानांनाच द्यायचे आणि तिथून दुव्यांवाटे झिरपू द्यायचे. वरच्या समीकरणात ०.१५ च्या जागी शून्य घातलं की S = ०.७२२५ × S उरतं, आणि ते फक्त S शून्य असतानाच खरं होतं. वीस काय, वीस हजार पानं उघडली तरी शून्य.

तात्यांनी विश्वासू पानांची यादी करून दिली. चालवलं. विक्रेता खाली गेला, पत्रक वर आलं. दोन तास समाधानात गेले.

मग भाचीला एका शेतकऱ्याने लिहिलेलं पान दिसलं. खोडव्यात पाचट न जाळता ठेवल्यावर पोंगेमर कशी कमी झाली, याची तारखांसह नोंद. फार चांगलं. त्याला कुणीच दुवा दिलेला नाही, म्हणून त्याचीही रँक शून्य. ट्रस्टरँकला लबाड पान आणि अनोळखी पान यांतला फरक दिसत नाही. जुनं, ओळखीचं, संस्थेचं ते वर. नवं आणि एकट्याचं ते खाली. हा कल नंतर दिलेल्या कुठल्याही गुणांनी पूर्ण पुसला जात नाही.

आणि विश्वासू पानाचा दुवा विकत घेता येतो, हे वेगळंच. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं प्रकरण बाहेर काढलं. सणासुदीच्या महिन्यांत गूगलवर कपडे, चादरी, गालिचे काहीही शोधलं तरी हे दुकान पहिलं. सॅमसोनाइटची बॅग शोधली तर खुद्द सॅमसोनाइटच्याही वर. कारण काय, तर शेकडो असंबद्ध साइटवर पैसे देऊन पेरलेले दुवे. कंपनीने आपल्याला हे माहीत नव्हतं असं सांगितलं, गूगलने हाताने कारवाई करून तिला खाली ढकललं. यात लक्षात ठेवण्यासारखं हे की दुकान खोटं नव्हतं, माल खरा होता. फक्त त्या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर ते नव्हतं, आणि महिनोन्महिने ग्राहकांना त्याचा पत्ताही नव्हता.

२७ जून

"सर्वांत चांगलं" यावरच आज खडाजंगी. पहिल्या वीस निकालांना तात्या आणि भाची दोघांनी स्वतंत्रपणे ० ते ३ गुण दिले. बऱ्याच पानांवर एकमत. मतभेद झाला तो एका लांब लेखावर: खोडकिड्याची अंडी, अळी, कोष, पतंग, प्रत्येक अवस्था किती दिवसांची, नकाशे, तक्ते. भाचीने ३ दिले, तात्यांनी १.

"शिवारात उभा असलेला माणूस हे वाचणार आहे का?" तात्या.

"आणि माझी परीक्षा असली तर मी तुमचं दीडशे शब्दांचं पत्रक घेऊन काय करू?"

दोघांचं बरोबर आहे, कारण दोन शब्दांचा तो प्रश्न दोन वेगळे प्रश्न लपवतो. पेज आणि ब्रिन यांच्या १९९८ च्या लेखातही असं उदाहरण आहे. त्यांच्या यंत्रात `cellular phone` शोधल्यावर आघाडीच्या निकालांत गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष कसं विचलित होतं यावरचा अभ्यास आला होता. त्यांनी तो अभिमानाने सांगितला: जाहिरातदारांच्या पैशावर चालणाऱ्या यंत्राला असा निकाल वर ठेवणं जड जाईल, म्हणून शोधयंत्रं जाहिरातींकडे झुकतील. (पुढे त्यांनीच काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे.) पण फोन विकत घ्यायला निघालेल्या माणसाला तो अभ्यास काय कामाचा? दुव्यांनी त्याला वर आणलं, शोधणाऱ्याच्या गरजेने नाही.

तूर्तास दोघांच्या गुणांची सरासरी न काढता दोन्ही रकाने वेगळे ठेवतोय. सरासरी काढली तर कुणालाच नको असलेलं मधलं पान वर येतं.

२ जुलै

कुणाला काय हवं हे माणसांच्या क्लिकवरून शिकता येईल का? मोठी यंत्रं हे करतात. अमेरिकी सरकारने गूगलवर केलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ मध्ये झालेल्या साक्षींतून नॅवबूस्ट या प्रणालीचं नाव उघड झालं. लोकांनी कुठल्या प्रश्नाला कुठल्या निकालावर क्लिक केलं याची तेरा महिन्यांची साठवण ती क्रम लावायला वापरते.

आम्ही यंत्र गावातल्या ओळखीच्या लोकांना वापरायला दिलं आहे. `ऊस खोडकिडा` साठी पहिला आणि दुसरा निकाल दिवसाआड अदलाबदल करून दाखवला. जो वर, त्यालाच जास्त क्लिक. दोन्ही पानांच्या बाबतीत. २००५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात थॉर्स्टन योआकिम्स आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपून हेच दाखवलं होतं: निकालांचा क्रम गुपचूप बदलला तरी लोक वरच्यावर जास्त विश्वास ठेवतात.

म्हणजे क्लिक मोजून क्रम लावला तर जो आज वर आहे तो उद्याही वर राहणार, त्याच्या जागेमुळेच. दुरुस्ती अशी: जागेमुळे नजर पडण्याची शक्यता आधी काढायची आणि क्लिकला तिने भागायचं. समजा पहिल्या जागेवर शंभरातल्या ८० जणांची नजर पडते, चौथ्या जागेवर २५ जणांची. पहिल्या पानाला ४० क्लिक, चौथ्याला १५. भागल्यावर ४० ÷ ०.८ = ५० आणि १५ ÷ ०.२५ = ६०. ज्यांनी खरोखर पाहिलं त्यांच्यात चौथं पान जास्त पसंत.

८० आणि २५ हे आकडे मिळवायचा मार्ग अदलाबदल हाच. एकच पान वेगवेगळ्या जागी दाखवून क्लिक किती बदलतात ते पाहायचं. छोट्या यंत्राची मर्यादा इथे लागते. फार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांसाठी हे जमतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या प्रश्नाला भागायला क्लिकच नसतात.

शिवाय क्लिक म्हणजे समाधान नव्हे. विक्रेत्याच्या पानाचं शीर्षक "खोडकिडा ३ दिवसांत साफ" असं आहे. लोक जातात, लगेच परत येतात. उलट पत्रकाचा उतारा निकालातच पूर्ण दिसतो, त्यामुळे काही जण वाचून क्लिक न करताच निघून जातात. त्या पानाने काम केलं, पण खात्यावर शून्य. लगेच परत फिरणारे क्लिक आम्ही वजा करतो. न केलेल्या क्लिकचं काय करायचं, यावर अजून उत्तर नाही.

७ जुलै

सध्याची मांडणी: किल्लीवर बांधलेलं बीएम२५, त्यात ट्रस्टरँकचा थोडा हिस्सा, आणि पुरेसे क्लिक असतील तिथेच भागून घेतलेले क्लिक. ट्रस्टरँकचा हिस्सा वाढवला की शेतकऱ्यांचे अनुभव बुडतात, कमी केला की विक्रेते तरंगतात. कुठल्याही आकड्याला दोन्ही एकदम सुटत नाहीत. निवड करावी लागते, आणि ती निवड तात्यांची आणि माझी आहे, गणिताची नाही. मोठ्या यंत्रांतही कुणीतरी अशीच केलेली असणार.

त्या शेतकऱ्याच्या पानासाठी वेगळी सोय केली. तिसरी जागा मोकळी ठेवली आहे. तिथे दर वेळी, शब्दांचे गुण बरे पण दुवे-क्लिक नसलेलं एखादं पान चिठ्ठी टाकून दाखवायचं. याचा तोटा उघड आहे: कधीकधी तिसरा निकाल टाकाऊ असतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. तात्यांनी ते पाहून दोनदा फोन केला. "अहो, तिसऱ्या नंबरवर हे काय आणून ठेवलंय?"

तिसऱ्या जागी चिठ्ठीने आलेल्या पानासमोर आता "नवीन" असं लिहिलेलं दिसेल. पाचटाच्या नोंदीला या आठवड्यात काही क्लिक मिळाले आहेत आणि त्यांतले बरेचसे लगेच परत फिरलेले नाहीत. एवढ्यावर क्रम बदलायला ते अजून थोडेच आहेत.

पुढची कामं: फॉन्टमध्ये अडकलेल्या जुन्या मासिकांचं रूपांतर, `हुमणी` साठी हाच सगळा प्रयोग पुन्हा, मळी-मळा यादीत "माळ, माळी, माळा" हे त्रिकूट घालणं.